चूक यजमानाची

मला नोकरी हवी होती ती हौसेनं नव्हे. राजगढच्या शाळेतले एक मास्तर होते, बिजवर, दोन मुलांचे बाप, आणि माझ्या भावानं त्यांना रविवारी आमच्या घरी धारला मला बघायला बोलावलं होतं. दादानं सरळ सांगितलं होतं, "रविवारच्या आत कुठं चिकटलीस तर मी मास्तरांना नाही म्हणून कळवतो. नाही चिकटलीस तर गुमान पाटावर बसायचं." मी सव्वीस वर्षांची होते. आमच्या लोकांत तेवढ्या वयाच्या मुलीकडे सगळे असं बघत की जणू ती कोणाच्या तरी वाटेत उभी आहे. मी कोणाच्या वाटेत नव्हते, पण हे पटवायचं कोणाला?

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. देवासला एकामागून एक कारखाने निघत होते, आणि कारखान्यांत येणाऱ्या साहेबलोकांसाठी हमरस्त्यावर एक नवं हॉटेल उघडलं होतं. त्यांची जाहिरात हिंदी पेपरात आली. 'भोजन-कक्ष के लिए सुपरवाइज़र चाहिए. मेहमानों को सँभालने का अनुभव आवश्यक.' पुरुषच हवा असं कुठंही छापलं नव्हतं. मी ती जाहिरात तीनदा वाचली आणि दादापुढे ठेवली. तो म्हणाला, "हॉटेलात? बाईमाणूस?" मी म्हटलं, "छापलंय का तसं? दाखव."

आणि अनुभवाचं म्हणाल तर तो मला घरातच मिळाला होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, वाढपी होते. त्यांच्या आजोबांपासून आमच्या घरात तेच काम. दरबाराच्या पंगती संपल्या, दरबारही संपला, पण धार, देवास, इंदूरच्या मराठी घरांतल्या मुंजी-लग्नांना वाढप आबांच्या हाताखालच्या माणसांचंच असे. मी आठव्या वर्षी मीठ-लिंबू घेऊन पंगतीत फिरले. बाराव्या वर्षी मला तुपाची तपेली मिळाली. शंभर पानांची पंगत मी एकटीनं भातापासून ताकापर्यंत सांभाळू शकत होते, आणि हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पुढे जन्मभर मी मुलींच्या एका वसतिगृहाची मेस चालवली, तिथंही हेच ज्ञान उपयोगी पडलं. पण ते बरंच नंतर.

गुरुवारी सकाळी मी धारहून निघाले, इंदूरला गाडी बदलली आणि दहाच्या सुमारास देवासला त्या हॉटेलात पोचले. निळी काठाची साडी, पदर खोचलेला. खोचलेला अशासाठी की वाढायला जाताना मी तो नेहमीच खोचत असे, त्या दिवशीही सवयीनं खोचला गेला. आत चार उमेदवार आधीच बसलेले होते, सगळे पुरुष. सर्वांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे पाहिलं. मी मधली खुर्ची ओढून बसले.

एका म्हाताऱ्या वेटरनं मला पाणी आणून दिलं. आबांच्याच वयाचा असेल. पांढरा गणवेश त्याला दोन मापं मोठा होता, बाह्या मनगटाशी दुमडलेल्या. "बैठो बाई," तो म्हणाला, "अबी टेम लगेगा." कुठले म्हणून विचारलं तर म्हणाला, सतवासचा. शेतीचं दोघा भावांत भागेना म्हणून इकडे आला होता.

मुलाखत चालली होती 'फॅमिली'त. तेव्हा हॉटेलांत बायकापोरांसाठी पडदा लावलेला एक भाग असायचा, तिथलं सर्वांत मोठं टेबल त्यांनी मुलाखतीला घेतलं होतं. पडदा पुरता बंद होत नव्हता. माझ्या खुर्चीवरून आतलं निम्मं टेबल दिसे आणि बोलणं तर सगळंच ऐकू येई. मला वाटतं त्यांनी ते मुद्दामच ठेवलं असावं, किंवा त्यांच्या डोक्यातही आलं नसेल.

आत तिघे होते. हॉटेलचे मालक, इंदूरचे एक शेठजी, सफारी घातलेले. त्यांनी ठेवलेला मॅनेजर, जो मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत काम करून आला होता आणि प्रश्न विचारत होता. आणि तिसरे एका कारखान्यातले साहेब, मराठी, पुण्याकडचे. हे साहेब त्या हॉटेलचे रोजचे गिऱ्हाईक. रोज काहीतरी खोट काढत, म्हणून शेठजींनी त्यांनाच बोलावून आणलं होतं की परीक्षेत चिडलेला पाहुणा तुम्हीच व्हा. साहेबांनी ते आनंदानं कबूल केलं होतं. ही माहिती मला शेजारी बसलेल्या उमेदवारानं दिली.

परीक्षा अशी होती. मॅनेजर आधी तीन-चार प्रश्न तोंडी विचारी, की समजा असं झालं तर काय कराल. मग नाटक. साहेबांपुढे थाळी ठेवलेली असे. साहेब एक घास घेत, चमचा टाकत आणि ओरडत, "ठंडा! बिलकुल ठंडा! कौन लाया ये? बुलाओ उसको!" आणि मग उमेदवारानं काय ते करून दाखवायचं.

पहिला इंदूरचा मुलगा होता, गळ्यात टाय. त्यानं सॉरी सर, सॉरी सर असं पाच-सहा वेळा म्हटलं. साहेब काही ऐकेनात. तेव्हा त्यानं म्हाताऱ्या वेटरला पुढे बोलावलं आणि म्हणाला, "कान पकडो. साहब से माफी माँगो." म्हाताऱ्यानं कान पकडले. साहेब म्हणाले, "हां, अब ठीक है." शेठजी खुशीत हसल्याचं मी ऐकलं.

दुसरा रस्त्यावरचा ढाबा चालवलेला माणूस. त्याचा आवाजच मोठा. त्यानं वेटरवर हात उगारला, मारला नाही, पण म्हातारा मान आत घेऊन मागे सरला आणि त्यानं कान पकडले. तिसरा फौजेच्या मेसमधून निवृत्त झालेला. तो शिस्तीचा. त्यानं वेटरला ताठ उभं केलं, चूक मोठ्यानं म्हणायला लावली आणि मग कान. चौथ्यानं तर काही नवीन शोधायचे कष्टच घेतले नाहीत.

चार वेळा. एका सकाळी चार वेळा त्या माणसानं कान पकडले, आणि थाळी गार असण्यात त्याचा काही संबंधच नव्हता, कारण थाळी गारच ठेवायची असं ठरलेलं होतं. मधल्या वेळात तो बाहेर येऊन आम्हाला पाणी देई. पाणी देताना त्याचे हात व्यवस्थित होते, एक थेंब सांडत नव्हता. मला आतून इतकं तापायला लागलं की मी ग्लास खाली ठेवला आणि तो परत उचललाच नाही. मी स्वतःला बजावलं, तुला नोकरी हवी आहे, रविवारी मास्तर येताहेत, तोंड सांभाळ. एरवीही मी स्वतःला पुष्कळदा असं बजावत आले आहे.

माझं नाव पुकारलं. मी आत गेले. शेठजी मॅनेजरकडे वळून म्हणाले, "ये कैसे आ गई?" मॅनेजरनं अर्जाचा कागद पुढे केला. त्यावर माझं नाव नीट लिहिलेलं होतं, त्यांनी ते वाचलं नव्हतं एवढंच.

"अनुभव?" मॅनेजरनं विचारलं.

"पंगतीचा. अठरा वर्षांचा," मी म्हटलं, आणि हिंदीत परत सांगितलं.

साहेब हसले आणि मराठीत म्हणाले, "धारकडच्या का तुम्ही? तरीच. तुमचं मराठी ऐकलं की मला माझी पणजी आठवते." मी म्हटलं, "मग नमस्कार करा." ते बोलणं माझ्या तोंडून सुटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की दिवस कुठल्या दिशेनं चालला आहे.

मॅनेजरनं प्रश्न सुरू केले. हा माणूस कामाचा होता, ते मी मान्य करते; मराठीही त्याला येत होतं. "गेस्टचं जेवण उशिरा येतंय, तो चिडलाय. काय कराल?"

"आधी त्यांच्याजवळ जाईन. लांबून हाक मारून सांगणार नाही. पाणी देईन आणि आत विचारून खरी वेळ सांगेन. वीस मिनिटं लागणार असतील तर पाच म्हणणार नाही."

त्यानं मान हलवली आणि कागदावर काहीतरी खूण केली. "दाल में बाल निकला. गेस्ट चिल्लाया."

"ताट उचलीन. लगेच. केस कोणाचा, खरंच केसच आहे का, हे त्यांच्यासमोर बघत बसणार नाही. माफी मागेन. नुसती दाल बदलणार नाही, सगळं ताट नवीन."

"और बिल?"

"त्या ताटाचं लावणार नाही. तुम्हाला आधी विचारीन."

परत खूण. मग म्हणाला, "ठीक. अब गेस्ट शांत हो गया. आगे?"

इथं मी माती खाल्ली. मी म्हटलं, "मग आग्रह करीन. दोन पुऱ्या आणखी वाढीन पानात."

तिघेही हसले. मॅनेजर सुद्धा. तो म्हणाला, मागितल्याशिवाय हॉटेलात कोणाच्या ताटात काही टाकत नाहीत, बाई. आत्ता शांत झालेला माणूस विचारील, ह्या पुऱ्या कोणी मागितल्या, आणि परत पहिल्यापासून सुरू. त्याच्याजवळ थोड्या वेळानं जायचं, सगळं ठीक आहे ना एवढं विचारायचं आणि बाजूला व्हायचं. त्याचं बरोबर होतं. आमच्या घरात आग्रहाशिवाय वाढलेलं ताट म्हणजे अपमान, त्यामुळं मला तोपर्यंत दुसरं काही सुचलंच नव्हतं. मेस चालवतानाही माझा हात मध्येच वाढायच्या डावाकडे जायचा, आणि मला त्या मॅनेजरची आठवण व्हायची.

मग नाटक. साहेबांपुढे थाळी आली. म्हातारा वेटर ती ठेवून बाजूला, भिंतीशी उभा राहिला. साहेबांनी घास घेतला, चमचा टाकला, थाळी जोरात पुढे सरकवली आणि ओरडले, "गार! गारढोण आहे हे! कोणी आणलं? बोलवा त्याला!" माझ्यासाठी त्यांनी खास मराठी केलं होतं.

मी भिंतीकडे पाहिलं. मी अजून काही बोललेच नव्हते. तरी म्हाताऱ्यानं कान पकडले होते. सकाळपासून चारदा झालेलं, पाचव्यांदा कशाला वाट बघायची? तो डोळे खाली करून, दोन्ही हातांनी दोन्ही कान धरून, उभा होता. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या.

मी वाकून थाळी उचलली आणि त्याच्यापाशी गेले. "काका, हात खाली घ्या," मी म्हटलं, आणि थाळी त्याच्यापुढे धरली. वाट्यांनी भरलेली थाळी दोन्ही हातांनीच धरावी लागते. त्याला कान सोडावे लागले. "ही आत न्या. आणि दुसरी गरम आणा." तो थाळी घेऊन उभाच राहिला, मालकांकडे बघत. मग आत गेला.

मी साहेबांकडे वळले. वरून बोलायचं नाही म्हणून खाली वाकले. "चुकलं आमचं. गार वाढलं गेलं. गरम येतंय, तोवर पान सोडू नका."

"मला तुमची माफी नको," साहेब म्हणाले. "ज्यानं आणलं त्याची हवी. समोर उभा करा त्याला."

"त्याला समोर आणणार नाही."

"का?"

"कारण आमच्याकडे पंगतीत वाढप्याला कोणी उभा करत नाही. आमटी गार असो, भात कच्चा असो, वाढपी पाय घसरून पडला तरी. चूक यजमानाची. यजमान येतो आणि हात जोडतो. माझे वडील चाळीस वर्षं वाढताहेत. मोठ्यामोठ्या घरच्या व्याह्यांना त्यांनी चिडलेलं पाहिलंय, पण कोणी त्यांना पुढे बोलावलं नाही. बोलावलं असतं तर बाकीच्या शंभर पानांवरच्या माणसांनी घास घेतला नसता." हे सगळं मी एका दमात बोलले. मग शेठजींकडे वळले, आणि त्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हटलं, "शेठजी, आपके यहाँ भी जीमण में यही होता है ना? मेहमान नाराज हुआ तो घर का मालिक आता है. यहाँ मालिक आप हो. आप उठो."

खरं सांगायचं तर शेठजी उठले. पुरते नाही. खुर्चीतून वीतभर वर आले, दोन्ही हात छातीशी जुळायला लागले. त्यांच्या घरी शेकडो माणसं जेवून गेली असतील, लहानपणापासून बापाला असंच बघितलं असेल, ते हात आपोआप गेले. मग त्यांना कळलं की आपण कुठं आहोत आणि कोणाच्या सांगण्यावरून उठतोय. ते खाली बसले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. साहेबांना आधी हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

आता खोलीत खरोखरच चिडलेला माणूस एकच होता, आणि तो पाहुणा नव्हता.

"बाई," शेठजी म्हणाले, "मालिक ही हाथ जोडे, तो नौकर किसलिए रखूँ?"

"वाढायला," मी म्हटलं. "परोसने को. कान पकडने को नहीं."

त्यांनी दाराकडे हात केला. मी मॅनेजरकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. ज्या मोठ्या हॉटेलांत तो शिकला तिथं वरिष्ठ स्वतः गिऱ्हाइकाचं ऐकून घेतो, आपल्या माणसाला जे बोलायचं ते आत नेऊन बोलतो, हे मला पुढे कळलं. त्याला तेव्हाच ठाऊक होतं, आणि तरी सकाळपासून चार वेळा तो खुणा करत बसला होता. तो कागदावरून मान वर काढेना. शेठजींची मी कीव करीन एक वेळ. मॅनेजरवर माझा राग अजून आहे.

मी ताडताड बाहेर आले. मागच्या अंगणात नळ होता, तिथं तोंड धुवायला गेले, कारण डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दाखवायचे नव्हते. म्हातारा तिथंच उभा होता. मला वाटलं तो काहीतरी बरं बोलेल. मूर्खच होते मी.

"तमने ये कई कर्यो, बाई?" तो त्याच्या माळवीत म्हणाला, हे काय केलंत असं. "अब सेठ म्हारे पूछेगा, ये बाई तेरी कौन लगती है. म्हने कान पकड्या तो कई कान घिसी ग्या?"

मी म्हटलं, "काका, तुमची चूक नव्हती."

"चूक नी थी, ये तो म्हारे भी मालम है," तो म्हणाला. "पण नौकरी म्हारी थी. तमारी नी." आणि तो आत गेला. त्याचं बोलणं मला सणसणीत लागलं. परतीच्या गाडीत इंदूरपर्यंत मी तेच घोळवत होते. त्याच्याऐवजी मी शूर झाले होते, त्याला न विचारता. पण तरी, परत तशी थाळी समोर आली असती तर मी परत त्याच्या हातात दिली असती. हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. त्याची नोकरी टिकली का, मला कधी कळलं नाही. मी पुन्हा त्या हॉटेलात पाय ठेवला नाही.

घरी दादानं ऐकून कपाळाला हात लावला. "मालकाला उठ म्हणालीस? मालकाला?" वहिनीनं पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की भीती, देव जाणे. आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "थाळी कोणाच्या हाती दिलीस?"

"त्या म्हाताऱ्याच्याच."

"हं," ते म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटत होतं, आबा आता दादाला काहीतरी सांगतील. रविवारचं रद्द कर म्हणतील. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला नाही. घर दादाच्या पगारावर चाले, आणि आबा मुळातच यजमानाच्या मध्ये न बोलणारे.

रविवारी मास्तर आले. बरोबर त्यांची आई. मास्तर वाईट दिसायला नव्हते, उगीच कशाला खोटं सांगू? धुतलेलं धोतर, वर कोट, बोलणं शुद्ध आणि सावकाश. मी पोहे नेऊन ठेवले, त्यांनी पहिला घास घेतला, छान झालेत म्हणाले. मग चमचा बशीच्या कडेला ठेवून ते माझ्याकडे वळले.

"मी आपली थोडी परीक्षा घेतो हं," ते हसत म्हणाले. "मास्तर आहे ना. समजा, आमच्याकडे पाहुणे पानावर बसलेत. आमटी खारट झाली. पाहुणे रागावले. तुम्ही काय कराल?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. चार दिवसांत दुसऱ्यांदा! दादा मला डोळ्यांनी खुणावत होता, की बोल, नीट बोल.

मी नीट बोलले. "वाटी उचलीन. दुसरं काही गरम असेल ते वाढीन. माफी मागेन." आणि मग, राहवेना म्हणून, विचारलं, "तुम्ही तेव्हा कुठं असाल?"

"मी पाहुण्यांच्या पंगतीला," मास्तर म्हणाले. "मी तुम्हाला बाहेर बोलावीन. पाहुण्यांसमोर दोन शब्द सुनवीन. त्यांचाही मान राहतो आणि पुन्हा मीठ घालताना तुमचाही हात सांभाळून पडतो. पहिलीच्या वेळी मी तसंच करत असे. चारचौघांत बोलल्याशिवाय वळण लागत नाही." त्यांच्या आईनं मान डोलावली. ते हे अगदी सरळपणे बोलले, वर्गात पाढा सांगावा तसं, त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्यांची ती पहिली बायको माझ्या डोळ्यांपुढे आली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती दारात उभी होती, ओल्या हातांनी, आणि पंगत तिच्याकडे बघत होती.

"मला हे लग्न करायचं नाही," मी म्हटलं.

दादा उठलाच. "काय बोलतेस? पाहुण्यांसमोर? माफी माग. आत्ता माग!" त्याचा आवाज इतका चढला की रस्त्यावरून जाणारं कोणीतरी थांबलं. मास्तरांनी मान ताठ केली. त्यांच्या आईनं बशी खाली ठेवली. मी उभी होते, माझे हात बाजूला होते, आणि माफी मागायची नाही एवढंच मला ठाऊक होतं. पुढे काय होणार ते मला माहीत नव्हतं. मला खूप भीती वाटत होती.

आबा उठले. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून भिंतीला हात लावून उठले. ते माझ्या आणि दादाच्या मधून पुढे गेले, मास्तरांसमोर खाली वाकले, आणि हात जोडले.

"तिला काही म्हणू नका," ते म्हणाले. "तिची चूक नाही. घर माझं आहे. तुम्हाला इतक्या लांबून बोलावलं ते मी, आणि तिला न विचारता बोलावलं. चूक माझी."

मास्तर गोंधळले. त्यांना वाटलं, म्हातारा आता समजूत काढील, मुलीला ओरडेल आणि सगळं सुरळीत होईल. ते म्हणाले, "अहो, असू दे, असू दे," आणि परत चमचा हातात घेतला.

आबा वाकलेलेच होते. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाला अर्ध्या पानावरून उठू दिलं नव्हतं, रुसलेल्या व्याह्यांचे पाय धरून त्यांना परत बसवलं होतं, तो माझा बाप अगदी मऊ आवाजात म्हणाला,

"नको. आपण पान सोडून उठलात तरी चालेल."